गोषवारा (शोधनिबंधाचा)

शोधनिबंधाच्या सुरुवातीला, शीर्षकाखाली येणारा त्याचा छोटा, स्वयंपूर्ण सार म्हणजे गोषवारा. मुंबईच्या महाविद्यालयांत त्याला सर्रास ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ म्हणतात. त्याची लांबी साधारणपणे १५० ते ३०० शब्द असते. परिषदेसाठी निबंध निवडणारे आणि ग्रंथालयाच्या सूचीत शोध घेणारे अनेकदा एवढाच मजकूर वाचतात. म्हणून प्रश्न, पद्धत, निष्कर्ष आणि त्याचा अर्थ या चारही गोष्टी त्यात असाव्या लागतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वेसावे कोळीवाड्यात जवळा वाळवण्याच्या दोन रीतींवर एका विद्यार्थिनीने निबंध लिहिला आहे. त्याचा गोषवारा, अगदी थोडक्यात, असा होईल:

‘जमिनीवर पसरून वाळवलेल्या जवळ्यात वाळू मिसळते. जमिनीवर आणि उंच जाळीवर वाळवलेल्या जवळ्याचे प्रत्येकी २० नमुने तपासले. जमिनीवरच्या नमुन्यांत वाळू सरासरी ४ टक्के, तर जाळीवरच्या नमुन्यांत १ टक्का आढळली. वाळायला लागणारा वेळ जवळपास सारखाच होता. कोरड्या दिवसांत जाळी हा उपयुक्त पर्याय ठरतो. दमट हवेत तो तपासलेला नाही.’

याच निबंधाची प्रस्तावना वेगळ्या वाटेने जाते. जवळा मुळात जमिनीवर का पसरतात, वाळूमुळे भाव का पडतो, आधीच्या अभ्यासकांनी काय तपासले आणि काय राहून गेले, हे ती सावकाश, संदर्भ देत सांगते आणि ‘जाळीने फरक पडतो का?’ या प्रश्नापाशी वाचकाला आणून सोडते. पद्धतीचा तपशील आणि आकडे पुढच्या भागांत येतात. काही विषयांत प्रस्तावनेच्या शेवटी मुख्य निष्कर्ष एका ओळीत सांगण्याची रीत आहे, पण ते तिचे मुख्य काम नव्हे. गोषवाऱ्यात मात्र निष्कर्ष नसेल तर तो अपुराच राहतो.

नेहमीची चूक म्हणजे प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद उचलून गोषवारा म्हणून लावणे. ‘मासेमारी हा मुंबईचा प्राचीन व्यवसाय आहे’ अशी सुरुवात आणि ‘या निबंधात जवळा वाळवण्याच्या पद्धतींची चर्चा केली आहे’ असा शेवट दिसला की ती ओळखावी: चर्चेतून निघाले काय, हे वाचकाला कळतच नाही. उलट, प्रस्तावना गोषवाऱ्यावर विसंबून नसावी. गोषवारा झाकून ती वाचली तरी विषय पहिल्यापासून उलगडला पाहिजे.

पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचा आणखी एक घोळ होतो. नोंदणीच्या वेळी दिलेला संशोधन आराखडा भविष्यकाळात असतो: ‘नमुने तपासले जातील.’ तोच मजकूर पुढे गोषवाऱ्यात तसाच राहतो. गोषवारा झालेल्या कामाचा असल्याने पद्धत आणि निष्कर्ष भूतकाळात येतात. तो वाचनात पहिला असला, तरी लिहावा सगळ्यांत शेवटी.

वैद्यकीय नियतकालिकांत उद्देश, पद्धत, निष्कर्ष असे उपमथळे देऊन गोषवारा लिहितात. ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये १९८७ साली मांडल्यानंतर ही रीत पसरली. रिकामा राहिलेला उपमथळा चटकन दिसतो, हा तिचा मोठा फायदा.