जांगड (दुकानदारास ठेवण्यासाठी दिलेला माल)

खपला तर किंमत द्यायची, न खपला तर माल परत करायचा, या बोलीवर दुकानात ठेवलेल्या मालास जांगड म्हणतात. हिंदीत ‘जाकड’ असे रूप आढळते. दोन्ही रूपे एकाच शब्दाची असावीत, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात ‘जांगड’ हा शब्द येतो, म्हणजे मराठी व्यापारी भाषेत तो त्याआधीच रुळलेला असावा. प्रस्तुत नोंद इंदूरमधील माहेश्वरी साड्यांच्या व्यवहारापुरती आहे. महेश्वरहून माल आणणारा पुरवठादार राजवाड्याच्या परिसरातील किंवा सीतलामाता बाजारातील दुकानदारापुढे जांगडीचा प्रस्ताव कसा ठेवतो, हे तीत पाहिले आहे.

प्रस्तावातील कळीचा मुद्दा मालकी केव्हा बदलते हा होय. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २४ नुसार दुकानदाराने माल स्वीकारल्याचे कळविले, तो स्वतःचा असल्याप्रमाणे विकला, किंवा नकार न कळविता ठरलेल्या मुदतीपलीकडे ठेवून घेतला, तर मालकी त्याच्याकडे जाते. तोवर माल पुरवठादाराचाच असतो. हाच व्यवहार आडतीचा, म्हणजे दुकानदार हा पुरवठादाराचा अभिकर्ता, असेही काही जण मानतात. परंतु वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने हा भेद मोठा आहे. अभिकर्ता पुरवठादाराच्या वतीने, पण स्वतःच्या नावाचे बिल करून विकत असेल, तर त्याच्याकडे माल पाठविणे हाच पुरवठा ठरतो आणि एकही साडी खपण्यापूर्वी कर लागू होतो. ‘पसंतीनुसार विक्री किंवा परत’ या बोलीवर पाठविलेल्या मालाचे बिल मात्र विक्री ठरताना, किंवा माल निघाल्यापासून सहा महिन्यांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा करायचे असते. पाठविताना डिलिव्हरी चलान पुरते. म्हणून प्रस्तावात ‘कमिशन’ हा शब्द टाळावा आणि दुकानदाराने पुरवठादारास द्यावयाचा दर लिहावा, हे बरे.

उदाहरणार्थ, १ सप्टेंबरला ४० साड्या पाठविल्या. चिठ्ठीवरची किंमत ३,२०० रुपये असून खपलेल्या साडीमागे पुरवठादारास २,४०० रुपये मिळायचे, कर वेगळा. प्रत्येक साडीस दोऱ्याने बांधलेली क्रमांकाची चिठ्ठी असते आणि तोच क्रमांक चलानावर असतो. साडी विकली की दुकानदाराने चिठ्ठी तोडून डब्यात ठेवायची. महिनाअखेर डब्यातील चिठ्ठ्या ११ निघाल्या, तर कपाटात २९ साड्या असायला हव्यात. मोजताना २७ च भरल्या, तर दोन साड्यांचे काय, हे प्रस्तावातच लिहिलेले असले पाहिजे. सर्वांत स्वच्छ कलम असे, की मोजणीत न सापडलेली साडी विकली गेली असे धरावे. मग १३ साड्यांचे ३१,२०० रुपये देय होतात. केवळ चिठ्ठ्यांवर विसंबल्यास २६,४०० च झाले असते. हा फरक चोरीचाच असतो असे नाही. बहुतेकदा गिऱ्हाइकाच्या घरी दाखवायला गेलेली साडी वहीत चढलेली नसते. त्यामुळे मोजणीला पुरवठादाराने स्वतः जावे आणि दोघांनी ताळ्यावर सही करावी.

पैशाची तारीख विक्रीवरून धरावी, दुकानदाराच्या वसुलीवरून नव्हे. महिन्याच्या ५ तारखेपर्यंत ताळा व बिल, १५ तारखेपर्यंत रक्कम, असा क्रम सोयीचा पडतो. दुकानदाराने गिऱ्हाइकास उधार दिले असेल, तर ती उधारी त्याची. हे वाक्य नसले की ‘पैसे अजून आले नाहीत’ हे उत्तर ठरलेले.

न खपलेल्या मालाची मुदत सहा महिन्यांपेक्षा बरीच अलीकडे ठेवावी. वरील उदाहरणात १२० दिवसांची मुदत ३० डिसेंबरला संपते. दसरा-दिवाळीचा हंगाम दुकानदारास मिळतो आणि परत आलेल्या काळ्या व गडद साड्या संक्रांतीच्या आत दुसऱ्या दुकानी लावता येतात. फेब्रुवारीअखेरपर्यंत माल तिथेच राहिला, तर न विकलेल्या साड्यांचेही बिल करावे लागते आणि वाद तिथेच सुरू होतो. परत घेताना घडी उलगडून पाहावी. एकाच घडीत महिनोन्‌महिने पडलेल्या साडीच्या जरीची तार घडीच्या रेषेवर तुटते, आणि काठावरची ती बारीक रेघ उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. म्हणून दर महिन्याच्या मोजणीतच घडी बदलण्याचे काम दुकानदाराकडे द्यावे, आणि परतीच्या वेळी आढळलेला डाग किंवा तुटलेली जरीची तार कोणाच्या खात्यात जाईल, हे त्याच कलमात लिहावे.