स्लाइडशेजारची वक्त्याची चौकट

ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानात स्लाइड आणि शिकवणाऱ्याचा कॅमेरा एकाच पडद्यावर दाखवताना कॅमेऱ्यासाठी राखलेली जागा. स्लाइडच्या कोपऱ्यावर तरंगणारी छोटी खिडकी हा याचा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत त्रासदायक प्रकार आहे. मराठीतून हिशेबशास्त्र शिकवणाऱ्याने आडव्या स्लाइडवर ताळेबंद मांडला, की मालमत्तेची बाजू उजवीकडे येते आणि तिची बेरीज अगदी तळाशी. खिडकी बहुतेक वेळा नेमकी तिथेच बसते. शिक्षक म्हणतो, 'बघा, दोन्ही बाजू जुळल्या', आणि विद्यार्थ्याला बेरजेच्या जागी त्याचा खांदा दिसतो.

हे टाळायचे तर चौकट स्लाइडच्या वर न ठेवता बाजूला ठेवावी लागते, आणि मग जागेचा हिशेब करावा लागतो. व्हिडिओचा पडदा साधारणपणे १९२० बाय १०८० पिक्सेलचा, म्हणजे १६:९ प्रमाणाचा असतो. स्लाइडही त्याच प्रमाणाची असेल तर ती सगळा पडदा व्यापते. बाजूला ४८० पिक्सेल मोकळे करायला ती १४४० बाय ८१०, म्हणजे तीन चतुर्थांश करावी लागते. वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात आणि अक्षरेही तेवढीच आक्रसतात.

जुन्या ४:३ प्रमाणाची स्लाइड इथे उपयोगी पडते. १०८० उंचीला तिची रुंदी बरोबर १४४० भरते, त्यामुळे उंचीत काहीही न गमावता शेजारी ४८० पिक्सेलचा उभा पट्टा आपोआप उरतो. पॉवरपॉइंटमध्ये दोन्ही प्रमाणांच्या स्लाइडची उंची साडेसात इंच असते, म्हणून १०८० पिक्सेलच्या पडद्यावर एक पॉइंट म्हणजे दोन पिक्सेल पडतात. २४ पॉइंटचा मजकूर ४:३ स्लाइडमध्ये ४८ पिक्सेलचा राहतो, तर आक्रसलेल्या १६:९ स्लाइडमध्ये ३६ चा होतो. डेटा वाचवायला कोणी व्हिडिओ ३६० पी वर पाहिला तर हेच आकडे १६ आणि १२ होतात. देवनागरीत या फरकाची किंमत मोठी आहे, कारण तेवढ्याच उंचीत वेलांटी, मात्रा, रफार आणि उकारही मावायचे असतात. १२ पिक्सेलवर अनुस्वार पुसट होतो, आणि '१' व '९' यांतला फरक अंदाजाने ओळखावा लागतो. ताळेबंदात असा अंदाज चालत नाही.

तयार १६:९ स्लाइडसंचाचे प्रमाण नंतर बदलताना मात्र सावध राहावे. पॉवरपॉइंट Maximize आणि Ensure Fit असे दोन पर्याय देते. दुसरा निवडला की मजकूर लहान होऊन बसतो, म्हणजे टाळायची तीच गोष्ट मागच्या दाराने येते. पहिल्याने आकार टिकतो, पण मजकूर कडेबाहेर जाऊ शकतो. ओळी हाताने तोडणे आणि रुंद तक्ता दोन स्लाइडमध्ये विभागणे याला पर्याय नाही.

उरलेल्या पट्ट्यात कॅमेऱ्याचे आडवे चित्र तसेच टाकले तर ते ४८० बाय २७० चे होते आणि चेहरा नखाएवढा दिसतो. म्हणून चित्राच्या दोन्ही बाजू कापून मधला ८६४ बाय १०८० चा उभा भाग घ्यावा, तो ४८० बाय ६०० मध्ये नेमका बसतो. ओबीएस स्टुडिओमध्ये Alt दाबून चित्राची कड ओढली की ते कापले जाते. जागा आणि आकार मात्र Edit Transform मध्ये आकड्यांनी भरावेत. माउसने अंदाजे लावलेली चौकट पुढच्या तासाला दोन बोटे सरकलेली असते. पट्ट्याच्या उरलेल्या भागात प्रकरणाचे नाव पुरे. तिथे संस्थेचे फिरते बोधचिन्ह ठेवण्याची हौस आवरावी, कारण हलणाऱ्या वस्तूकडे नजर जातेच.

स्लाइड आणि कॅमेरा वेगवेगळे मुद्रित केले असतील, तर जोडणी नंतर एफएफएमपेगने करता येते. दोन्ही फाइल एकाच क्षणी सुरू होतात आणि आवाज कॅमेऱ्याच्या फाइलीत आहे, असे धरून:

```
ffmpeg -i slides.mp4 -i cam.mp4 -filter_complex \
"[0:v]scale=1440:1080,setsar=1,pad=1920:1080:0:0[s];\
[1:v]crop=864:1080,scale=480:600[c];\
[s][c]overlay=1440:240[v]" -map "[v]" -map 1:a out.mp4
```

यातली slides.mp4 ही ४:३ प्रमाणातच मुद्रित झालेली हवी. १६:९ ची दिली तर आज्ञा तक्रार न करता चालते, पण स्लाइड आडवी दाबली जाते. स्लाइडवर एखादे वर्तुळ असेल तर ते उभट अंड्यासारखे दिसते, आणि चूक तिथे लगेच उघडी पडते.

चौकट उजवीकडे असेल तर शिक्षकाची नजर प्रेक्षकाच्या डावीकडे, म्हणजे स्लाइडकडे वळायला हवी. त्यासाठी स्लाइडचा मॉनिटर शिक्षकाच्या उजव्या हाताला ठेवतात. अनेक प्रणालींत स्वतःला दिसणारे चित्र आरशासारखे उलटे असते, मुद्रित होणारे मात्र सुलटे. स्वतःच्या प्रतिमेकडे पाहून हात दाखवणाऱ्याचे बोट त्यामुळे मुद्रणात स्लाइडऐवजी पडद्याबाहेर रोखलेले निघते.