नवऱ्याचं बाहेर काही आहे का, हे पत्ते सांगतात?

“नवरा कामाला पुण्यात; त्याच्या मनात कोण आहे ते टॅरोचे पत्ते बरोबर सांगतात.”

गड्डीत ७८ पत्ते. तीन ओढले, तर त्यांत तलवारीची सत्ती, म्हणजे फसवणुकीचा मानला जाणारा पत्ता, येण्याची शक्यता २६ त एक. नवरा कसाही असो. प्रचलित चित्रात एकजण सातांपैकी पाच तलवारी कवेत घेऊन छावणीतून सटकतोय. धास्तावलेल्या बाईला तो नवराच वाटणार, त्यात नवल नाही. यवतमाळच्या कास्तकारानं कापसाच्या सौद्याबद्दल विचारलं असतं, तर त्याच पत्त्यात काटा मारणारा व्यापारी दिसला असता.

पडताळा सोपा आहे. तेच पत्ते, प्रश्न न सांगता, दोन वेगळ्या वाचणाऱ्यांना दाखवा आणि उत्तरं ताडून पाहा. कित्येक वाचणारे तर तिसऱ्याच्या मनातलं सांगायला नकारच देतात. ‘मला नेमकी भीती कशाची, त्याला काय विचारू?’ एवढ्यावरच ते बोलतात.