सानपाड्याचा ईमेल आणि मॉलचा ओटीपी

२६ जुलै २००८ला संध्याकाळी अहमदाबादेत एकामागून एक स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना धमकीचा एक ईमेल आला होता. त्याचा माग काढत तपास पथक पोचलं ते नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. तिथे एक अमेरिकन गृहस्थ राहत होते. त्यांचं वायफाय उघडं होतं आणि ते वापरून मेल भलत्यानेच पाठवला होता. पुढच्या दोन महिन्यांत आणखी दोन मेल आले. एक माटुंग्यातल्या एका कॉलेजच्या वायफायवरून निघाला, दुसरा चेंबूरमधल्या एका कंपनीच्या.

तिन्ही वेळा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्या कनेक्शनचा क्रमांक मिळाला, पण त्याच्या आधारे पोलिस पोचले ते फक्त कनेक्शनच्या मालकापर्यंत. त्या कनेक्शनच्या छत्रीखाली त्या क्षणी कोण कोण होतं, याची नोंदच नव्हती. म्हणून फेब्रुवारी २००९मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना आदेश काढला. सार्वजनिक ठिकाणी वायफाय देताना वापरणाऱ्याची ओळख पटवा, त्यासाठी फोटो ओळखपत्राची प्रत घ्या किंवा मोबाइलवर एसएमएसने लॉगिन पाठवा, आणि ही नोंद वर्षभर जपा, असं त्यात सांगितलं होतं. मॉलच्या दारात झेरॉक्स कोण घेत बसणार? एसएमएसचा रस्ता सोपा होता, तोच रुळला, आणि म्हणून मॉलचं वायफाय आधी मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतं.

ओटीपी तुमचं नाव विचारत नाही. तो फक्त एवढंच सिद्ध करतो, की या नंबरचं सिमकार्ड आत्ता या माणसाच्या हाताशी आहे. नाव, पत्ता, फोटो हे सगळं सिम घेताना तुम्ही मोबाइल कंपनीला आधीच दिलेलं असतं. मॉलला ती फाइल कधीच दिसत नाही. मॉलकडे असतो तो फक्त त्या फाइलचा क्रमांक, म्हणजे तुमचा मोबाइल नंबर.

आता वायफाय जोडल्यावर काय होतं ते पाहू. समजा, शनिवारी संध्याकाळी सव्वासहाला तुम्ही मॉलचं नेटवर्क निवडलं. फोनला लगेच आतल्या वापरापुरता एक आयपी पत्ता मिळतो, उदाहरणार्थ `10.20.4.37`. बाहेर जायला रस्ता आहे का, हे फोन स्वतःच तपासतो. अँड्रॉइड फोन `connectivitycheck.gstatic.com/generate_204` हा पत्ता मागतो आणि २०४ क्रमांकाचं कोरं उत्तर येण्याची वाट पाहतो. मॉलचं गेटवे यंत्र, म्हणजे आतलं नेटवर्क बाहेरच्या इंटरनेटला जोडणारा दरवाजा, ही विनंती मधेच अडवतं आणि कोऱ्या उत्तराऐवजी स्वतःच्या लॉगिन पानाकडे बोट दाखवतं. अपेक्षित उत्तर आलं नाही, म्हणजे आपल्याला अडवलंय, हे फोन ओळखतो आणि ते पान समोर आणतो. नेटवर्कवाले याला कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात.

तुम्ही नंबर टाकता. तो बहुतेकदा मॉलच्या कार्यालयात जातच नाही. पोर्टल चालवणारी कंपनी वेगळी असते, तिचा सर्व्हर दुसरीकडे कुठेतरी असतो, आणि कोड पाठवायला ती एखाद्या एसएमएस कंपनीची सेवा घेते. कोड जुळला की गेटवेला निरोप जातो, अमुक मॅक पत्त्याच्या फोनला अर्धा तास सोडा. मॅक पत्ता म्हणजे फोनच्या वायफायची नंबरप्लेट. तुम्ही आत शिरलात केव्हा, बाहेर पडलात केव्हा, कोणत्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर, म्हणजे मॉलमधल्या वायफायच्या कोणत्या डब्यावर होतात आणि किती डेटा वापरलात, हे रेडियस नावाच्या सर्व्हरच्या वहीत उतरतं.

या वहीचा उपयोग समजायला माग उलटा काढून पाहावा. समजा, त्या संध्याकाळी ६ वाजून २२ मिनिटांनी मॉलमधून कुणीतरी धमकीचा मेल पाठवला. मेल कंपनी पोलिसांना बाहेरचा आयपी पत्ता, वेळ आणि पोर्ट क्रमांक देते. आयपीवरून इंटरनेट कंपनी कळते आणि तिच्याकडून मॉल कळतो. मॉलमधले शेकडो फोन बाहेरून मात्र एकाच पत्त्याने दिसतात. त्यांच्यात गल्लत होऊ नये म्हणून गेटवे प्रत्येक जोडणीला एक आकडा देतं, तोच पोर्ट. ६:२२ला हा पोर्ट आतल्या कोणत्या पत्त्याला दिला होता, हे गेटवेची नोंद सांगते. `10.20.4.37` वरून मॅक पत्ता, मॅकवरून मोबाइल नंबर, आणि नंबरवरून सिमची फाइल. यातली एक कडी तुटली तरी माग तिथेच थांबतो. पोर्टची नोंद ठेवलेलीच नसेल, तर असंच होतं. गेटवेचं घड्याळ चार मिनिटं मागे असेल, तर बोट भलत्याच माणसाकडे जाऊ शकतं. सिमच दुसऱ्याच्या नावावर असेल, तर सगळ्या कड्या शाबूत असूनही उत्तर चुकीचं येतं.

डिसेंबर २०२१मध्ये इंटरनेट कंपन्यांसाठी अशा नोंदी ठेवण्याची मुदत एका वर्षावरून किमान दोन वर्षं झाली. अमेरिकेहून आलेल्या मावशींना विमानतळावर वायफाय का मिळत नाही, याचंही कारण हेच. परदेशी सिमवर कोड येईलच असं नसतं. म्हणून काही मोठ्या विमानतळांवर पासपोर्ट दाखवून कूपन घ्यायची सोय असते.

इथवरचा भाग सरकारी गरजेचा. पण कायद्यापुरता विचार केला, तर पानावर नंबराची एक चौकट पुरली असती. नाव, ईमेल, जन्मतारीख आणि आधीच टिचकी मारलेला ‘ऑफर पाठवा’चा चौकोन ही दुकानदाराची हौस आहे. मला खटकतं ते हेच. सुरक्षेच्या नावाने उघडलेल्या खिडकीतून जाहिरात हळूच आत येते, आणि फुकट इंटरनेटच्या घाईत आपण दोन्हीला एकदम ‘हो’ म्हणतो.

मॉलला नंबर इतका हवासा वाटतो, त्यामागे तांत्रिक कारणही आहे. पूर्वी मॅक पत्ता पक्का असायचा, त्यामुळे तोच फोन पुन्हा आल्याचं नंबर न विचारताही ओळखू यायचं. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट मॅक दाखवतात. नंबरप्लेटच बदलली, तर गिर्‍हाईक ओळखायचं कसं? मोबाइल नंबर मात्र माणूस वर्षानुवर्षं बदलत नाही. तुम्ही तो टाकलात, की बनावट मॅकही तुमच्या नावाला चिकटतो. मग कोणत्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर तुमचा सिग्नल किती वेळ जोरात होता, यावरून तुम्ही खाऊगल्लीत वीस मिनिटं बसलात की बुटांच्या दुकानापाशी रेंगाळलात, याचा अंदाज बांधता येतो. काही मीटर इकडेतिकडे, पण आठवड्याच्या हिशोबाला तेवढं पुरतं.

२०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो, की संमती ज्या कामासाठी घेतली, डेटा त्याच कामाला वापरावा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, पण बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत.

तुम्ही पाहता तो मजकूर सहसा या वहीत नसतो. बँकेचं पान किंवा व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश कूटबद्ध असतो, त्यामुळे गेटवेला आतलं काही वाचता येत नाही. तुम्ही कोणत्या साइटवर गेलात, हे मात्र बरेचदा कळतं. आणि कोड टाकला म्हणून हवेतलं नेटवर्क कुलूपबंद होत नाही. ओटीपी हा दारावरच्या रजिस्टरमधला अंगठा आहे, आत गेल्यावर गर्दी तीच.

पान दिसलं की नंबर आणि कोड टाकायच्या आपल्या सवयीचा फायदा घेणारेही आहेत. मॉलच्याच नावाचं वायफाय एखादा लॅपटॉपही पसरवू शकतो आणि हुबेहूब तेच पान दाखवू शकतो. तुम्ही नंबर टाकलात, की तो त्याच क्षणी त्या नंबराने दुसरीकडे कुठेतरी, समजा व्हॉट्सअ‍ॅपवर, लॉगिन सुरू करतो. कोड तुम्हाला खराखुरा येतो, फक्त तो वायफायचा नसतो. आकडे घाईने पानावर उतरवण्याआधी एसएमएसची पूर्ण ओळ वाचली, तर हे लगेच उघड होतं. कोड कशासाठी आहे, ते त्या ओळीतच लिहिलेलं असतं.