जोतिबाला ओरडून बसलेला आवाज वैशाख संपला तरी सुटेना

माझे मामा मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात कामाला, वय ५४, विशीपासून बिडी. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गेले, दोन दिवस "चांगभलं" ओरडले, वर गुलाल नाकातोंडात, आवाज बसला. यात सगळ्यांना नवल काहीच वाटलं नाही, दरवर्षीच बसतो. मामी म्हणाल्या हळददूध घ्या, दुकानात कुणी खडीसाखर दिली, गल्लीतल्या डॉक्टरनी पाच दिवसाचा कोर्स दिला, मग अजून एक. असे सात आठवडे गेले. मी फोन केला तर आधी ओळखलंच नाही मामांना.

आता यातली गंमत, म्हणजे गंमत कसली म्हणा, अशी की सुरुवातीचं कारण खरंच होतं. ओरडल्यावर स्वरतंतू सुजतात, सर्दीखोकल्यातपण सुजतात, पण ती सूज साधारण आठवडा-दोन आठवड्यात उतरते, फार तर तीन. तीन आठवड्यानंतरही आवाज घोगराच असेल तर ते कारण संपलं असं समजायचं आणि आत बघायचं. बाहेरून टॉर्च मारून "आ" करून बघितलं तर घसा दिसतो, स्वरतंतू दिसत नाहीत, ते जिभेच्या मुळाच्या खाली असतात. म्हणून "डॉक्टरनी घसा बघितला, क्लिअर आहे" याला इथं काही अर्थ नाही.

मामांना ईएनटीकडे नेलं. "दुर्बीण घालायची न्हाय, मला उलटी हुती" असं दारातच सांगून झालं. पण ही दुर्बीण म्हणजे तीन-चार मिलिमीटर जाडीची मऊ नळी, नाकातून जाते, आधी नाकात बधिरतेचा स्प्रे मारतात, बसल्या खुर्चीवर दोन-तीन मिनिटात काम होतं. फक्त घसा बधिर असेपर्यंत तासभर काही खायचं-प्यायचं नाही, ठसका लागू शकतो. डॉक्टर म्हणाले, "काका, ई म्हणा." ई म्हणताना दोन्ही तंतू मधे येऊन जुळतात, श्वास घेताना बाजूला होतात. तंतूंवर काय आहे आणि ते हलतात कसे, या दोन गोष्टी बघायच्या असतात.

दोन्ही बाजूला समोरासमोर बारीक गाठी दिसल्या तर त्या बहुतेक आवाज ताणून झालेल्या, शिक्षकांना, गाणाऱ्यांना होतात, त्या आवाजाच्या व्यायामानं बऱ्याचदा बऱ्या होतात. बिडी-सिगरेटवाल्यांचे तंतू कधी पाणी भरल्यासारखे फुगतात, आवाज जाड होतो. एखादा तंतू हलतच नसेल तर भानगड घशाच्या बाहेरही असू शकते, कारण डाव्या तंतूची नस छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून परत वर येते, त्यामुळं फुप्फुसातली गाठसुद्धा पहिल्यांदा आवाजातून कळू शकते.

मामांचे दोन्ही तंतू नीट हलत होते, पण डाव्याच्या कडेवर पांढरा खडबडीत चट्टा. स्क्रीनवर आम्हालाही दिसला. मी विचारलं कॅन्सर आहे का, डॉक्टर म्हणाले, नुसतं बघून सांगता येत नाही. असा चट्टा नुसता धुरानं जाड झालेल्या कातडीचा असू शकतो, कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते, किंवा कॅन्सरच. तुकडा काढून तपासल्याशिवाय कळत नाही, आणि तो तुकडा भूल देऊन, मायक्रोस्कोपखाली काढावा लागतो.

रिपोर्ट आला, सुरुवातीचा कॅन्सर.

घशाच्या इतर भागातला कॅन्सर बऱ्याचदा मानेला गाठ येईपर्यंत गप्प बसतो. तंतूचं तसं नाही, पुरुषाच्या बोलण्यात हे तंतू सेकंदाला शंभरच्या वर वेळा एकमेकांवर आपटतात, कडेवर तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान जाडी आली तरी आवाज फाटतो. शिवाय तंतूच्या कडेला लसिकावाहिन्या फारच कमी, त्यामुळं रोग बराच काळ तिथंच अडकून राहतो. या टप्प्यावर लेझर किंवा रेडिएशन, दोन्हीपैकी काहीही केलं तरी दहातले नऊच्या आसपास लोक बरे होतात. तोच रोग आत शिरून तंतू हलायचा थांबला की हिशोब बदलतो, कधीकधी स्वरयंत्रच काढावं लागतं.

म्हणून बिडी, सिगरेट ओढणाऱ्यानं, त्यात दारूपण असेल तर आणखीच, तीन आठवडेसुद्धा पुरते वाट बघत बसू नये असं मला वाटतं. घोगरेपणाबरोबर मानेला गाठ, गिळताना दुखणं, थुंकीत रक्त, कानात विनाकारण ठणका असं काही असेल तर त्याच आठवड्यात दाखवायचं. श्वास घेताना घरघर वाजायला लागली तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. आणि दुर्बिणीनं बघितल्याशिवाय स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊ नका, त्यानं सूज उतरून आवाज जरा सुटतो आणि माणूस अजून महिनाभर निवांत राहतो.

मामांनी रेडिएशन घेतलं, साडेपाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. मधल्या काळात आवाज आधी आणखी बसला, ते होतंच, डॉक्टरनी आधी सांगितलेलं. बिडी बंद. आता दुर्बीण दर दोन महिन्यांनी, आणि मामा नाकात स्प्रे मारायच्या आधीच "ई" म्हणून दाखवतात.