सही दहा केबीची का होत नाही?

मेडिकल चौकाजवळ माझ्या मित्राचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. काउंटरवर त्यानं पाटी लावली आहे : ‘फोटो-सही साफ करून मिळेल, १० रुपये’. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो आणि संध्याकाळी चहाच्या निमित्ताने तिथे टेकतो. भरतीचे फॉर्म निघाले की शेवटच्या तारखेला त्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते.

अशाच एका संध्याकाळी एक मुलगी मोबाइल पुढे करून म्हणाली, “दादा, फोटो चढला, पण सही काऊन नाही चढून राहिली? चार वेळा करून पाह्यलं.”

फॉर्म एका बँक भरतीचा होता. सहीच्या रकान्याखाली लाल अक्षरांत येत होतं की फाइल १० ते २० केबीच्या मध्ये हवी. तिची फाइल होती ३ केबीची. कामं सगळी नीट केलेली होती. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनानं सही, वरून फोटो, स्कॅनरच्या अ‍ॅपमध्ये कागद पांढराशुभ्र करून घेतलेला, मग एका वेबसाइटवर १४० बाय ६० पिक्सेल असं सांगितलेलं माप. दिसायला सही छापल्यासारखी होती, आणि नेमकी तीच परत येत होती.

‘फाइल मोठी आहे’ ही तक्रार सगळ्यांना समजते. ‘फाइल लहान आहे’ म्हटलं की माणूस गोंधळतो. यातली गोम समजायला जेपीजी फाइल आत काय करते ते थोडं बघावं लागतं.

पडद्यावरचं चित्र म्हणजे रंगीत ठिपके, म्हणजेच पिक्सेल. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे लागतात, म्हणजे तीन बाइट. १४० बाय ६० म्हणजे ८,४०० ठिपके, त्यांचे २५,२०० बाइट. जसंच्या तसं लिहून ठेवलं तर ही सही साधारण २५ केबीची होईल. पण जेपीजी जसंच्या तसं लिहीत नाही. ती चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनाचं वर्णन लिहिते : आधी सरासरी उजेड किती, मग त्यात चढउतार किती, हळुवार किती आणि झपझप किती. या वर्णनामागचं गणित १९७४ साली प्रसिद्ध झालं. ते मांडणाऱ्या तिघांपैकी नासिर अहमद हे मूळचे बंगळुरूचे, आणि टी. नटराजन व के. आर. राव हे त्यांचे सहकारी. जेपीजीचं मानक ठरलं ते पुढे १९९२ मध्ये.

आता फोनवर कुणाला एखाद्या खोलीचं वर्णन सांगायचं आहे असं समजा. भिंत कोरी असेल तर “पांढरी आहे” एवढ्यात काम होतं. त्याच भिंतीवर देवाचे फोटो, कॅलेंडर, घड्याळ आणि पोरांनी पेन्सिलीनं काढलेल्या रेघा असतील तर बोलत बसावं लागतं. जेपीजीचंही तसंच असतं. कोऱ्या चौकोनाला “मागच्यासारखाच” एवढंच सांगायचं असतं, आणि ते दोन बाइटांच्या आतच होऊन जातं. शाईची कड जिथून जाते, तिथे मात्र बरेच आकडे लिहावे लागतात.

तिच्या सहीत असे चौकोन आडवे १८ आणि उभे ८, म्हणजे १४४ होते. फॉर्मला किमान १० केबी हवेत, म्हणजे १०,२४० बाइट. वाटून पाहिलं तर प्रत्येक चौकोनामागे सरासरी ७१ बाइट. त्यातल्या बहुतेक चौकोनांत नुसता कागद, ज्याला दोन बाइटही लागत नाहीत. उरलेल्या शाईवाल्या चौकोनांनी ही तूट भरून काढायची कशी? चौकोनाची कच्ची, न दाबलेली माहितीच मुळात १९२ बाइटांची असते.

फोटोचा हिशेब याच तऱ्हेने करून पाहा. बँकांच्या भरतीत, या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस संस्थेच्या सूचनांसह, फोटोचं माप २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी असं छापलेलं असतं. चौकोन झाले ७२५. किमान २० केबी वाटले तर चौकोनामागे २८ बाइट येतात. शिवाय चेहऱ्यावर केस, भुवया, सावल्या, शर्टाची वीण असं सांगण्यासारखं पुष्कळ असतं. म्हणून फोटो सहज बसतो. सहीकडून मात्र फोटोच्या अडीचपट भरणा मागितला जातो, आणि तोही जवळजवळ कोऱ्या कागदाकडून. फोटो चढतो आणि सही अडते ती इथे.

त्यावर ‘साफ करण्या’ची भर पडते. मोबाइलनं काढलेल्या कागदाच्या फोटोत ट्यूबलाइटची पिवळी झाक असते, कागदाचे तंतू असतात, कॅमेऱ्याचा बारीक रवाळपणा असतो. डोळ्याला हा कचराच वाटतो, पण जेपीजीच्या लेखी प्रत्येक कण ही लिहिण्याजोगी माहिती आहे. स्कॅनरचं अ‍ॅप तो सगळा पुसून एकसारखा पांढरा रंग भरतं आणि फाइल हलकी होते. सही जितकी चकचकीत, तितका फाइलचा आकार कमी.

“म्हणजे मी साफ केली म्हणून नाही चढली?” मुलीनं विचारलं. मित्रानं पाटीकडे एकदा पाहिलं आणि तो गप्प राहिला.

सहीचा मूळ फोटो तिच्या मोबाइलमध्ये होता, अ‍ॅपनं हात लावण्याआधीचा. तो केबलनं कॉम्प्युटरवर घेतला. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवला तर वाटेत तो पुन्हा दाबला जातो, म्हणून तो रस्ता टाळला. मग जिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये सही घट्ट कापली, आजूबाजूचा कागद नावापुरता ठेवून. लोक सही मधोमध आणि चहूकडे मोकळं रान ठेवतात. त्यात शाईच्या वाट्याला थोडेच चौकोन येतात आणि छापल्यावर सही मुंगीएवढी दिसते.

कापताना रुंदी आणि उंचीचं प्रमाण ७ : ३ ठेवलं, कारण १४० बाय ६० चं प्रमाण तेच. त्यानंतर माप ठरवलं २८० बाय १२०. सूचनेत १४० बाय ६० च्या पुढे ‘प्राधान्य’ अशा अर्थाचा शब्द होता, सक्तीचा नव्हता. दुप्पट मापात चौकोन ५२५ होतात आणि १० केबीसाठी चौकोनामागे जेमतेम २० बाइट पुरतात. जेपीजी म्हणून एक्सपोर्ट करताना दर्जाची पट्टी ९५ वर ठेवली आणि फाइल १३ केबीची झाली. रकान्यात हिरवी खूण आली.

एखादा फॉर्म पिक्सेलचं माप काटेकोरपणे तपासत असेल तर हा मार्ग बंद. तेव्हा १४० बाय ६० वरच राहायचं, मूळचा रवाळ फोटो घ्यायचा आणि दर्जा १०० वर न्यायचा. रंगांची माहिती अर्धी करण्याचा एक पर्याय असतो, तो बंद ठेवायचा. जिंपमध्ये तिथे `4:4:4` निवडतात. तेवढ्यानं फाइल दहाच्या आसपास जाते. विंडोजच्या पेंटमध्ये माप बदलता येतं, पण दर्जाची पट्टी त्यात नाही, म्हणून तिथे माणूस अडकून बसतो.

उलट्या टोकाचा घोळ फोटोचा. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३००० ठिपके, त्याचे १,८७,५०० चौकोन. एका बाइटचे आठ बिट, म्हणून २० केबीत एकूण १,६३,८४० बिट मावतात. चौकोनामागे एक बिटही येत नाही, मग चेहरा कुठून राहणार? ‘२० केबी करून देतो’ म्हणणारी अ‍ॅप त्यामुळे गुपचूप मापच कमी करतात, कधी दर्जाही खाली आणतात, आणि कपाळावर चौकटी दिसू लागतात. क्रम एवढा लक्षात ठेवला तरी पुरे : आधी कापायचं, मग पिक्सेल ठरवायचे आणि केबीकडे सगळ्यात शेवटी पाहायचं.

सेंटिमीटरनं पुष्कळ जण घाबरतात. फाइलला सेंटिमीटर नसतात, ते कागदाला असतात. ३.५ बाय ४.५ सेंटिमीटर आणि २०० डीपीआय, म्हणजे इंचाला २०० ठिपके, असं लिहिलेलं असेल तर सेंटिमीटरला २.५४ नं भागून २०० नं गुणायचं. २७६ बाय ३५४ पिक्सेल येतात. नुसता डीपीआयचा आकडा बदलला तर चित्राचा एकही ठिपका हलत नाही.

नाव बदलून प्रकार बदलत नाही, हेही सांगावंसं वाटतं. आयफोन २०१७ पासून बहुतेक फोटो हेइक प्रकारात ठेवतो. काही जण फाइलच्या शेवटी नुसतं `.jpg` लिहून मोकळे होतात. पण जेपीजीचे पहिले तीन बाइट `FF D8 FF` असतात, आणि सर्व्हर आत डोकावून तेच पाहत असेल तर नावाला विचारतो कोण? जिंपमध्ये उघडून जेपीजी म्हणून नव्याने एक्सपोर्ट केलं की फाइल खरोखर बदलते.

हे सगळं कॉम्प्युटरच्या तपासणीपुरतं. त्याला केबी मोजता येतात. सही वाचता येते की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. फिकट सही, पालथी सही, चष्म्यावर ट्यूबलाइट चमकणारा फोटो, हे सगळं हिरव्या खुणेतून आत जातं आणि पुढे छाननीत किंवा परीक्षेच्या दारात अडतं. इंग्रजी कॅपिटल अक्षरांतली सही आयबीपीएसच्या सूचनेनुसार चालत नाही. कॉम्प्युटर मात्र ती बिनबोभाट घेऊन टाकतो. केंद्राच्या नोकरभरतीच्या एसएससी आयोगानं २०२४ पासून नव्या पोर्टलवर फोटो समोरच कॅमेऱ्यानं काढून घ्यायला सुरुवात केली. त्यामुळे फोटोची केबीची झंझट तिथे गेली, सहीची आहेच.

म्हणून सबमिट करण्याआधी मी तिला प्रिव्ह्यू उघडायला लावला. सही सरळ होती, फोटो मात्र आडवा पडलेला. मोबाइलमध्ये तोच फोटो उभा दिसत होता. कॅमेरा चित्र आडवंच साठवतो आणि सोबत ‘दाखवताना फिरवून दाखव’ अशी चिठ्ठी जोडतो. मोबाइल ती चिठ्ठी वाचतो, फॉर्मच्या सर्व्हरनं वाचली नव्हती. जिंपनं फोटो उघडताना फिरवू का म्हणून विचारलं, हो म्हटलं आणि पुन्हा एक्सपोर्ट केलं. या वेळी चिठ्ठीची गरजच उरली नाही.

साडेनऊला फॉर्म गेला. मुलगी दोन्ही फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन निघाली. दुसऱ्या दिवशी चहाला गेलो तर पाटीवरच्या ‘सही’ या शब्दावर मार्करची जाड काळी रेघ ओढलेली होती. फोटो साफ करायचे दहा रुपये मात्र कायम होते.