घरचे कागद क्लाउडवर किती वर्षं ठेवावेत?
आमच्याकडे रिटर्न भरणाऱ्या कुटुंबांसाठी

रिटर्नचा हंगाम संपला की आम्हाला हमखास विचारलं जातं, "ड्राइव्ह भरत आलंय, जुनं उडवलं तर चालेल का?" चालेल. पण वर्षं कागदावरच्या तारखेपासून मोजू नका.

आयकर खातं जुनं रिटर्न पुन्हा उघडू शकतं, आणि त्याची मुदत असेसमेंट इयर संपल्यापासून मोजली जाते. १ सप्टेंबर २०२४ पासून ही मुदत साधारणपणे सव्वातीन वर्षं आहे. रिटर्नमध्ये न दाखवलेलं उत्पन्न ५० लाख किंवा त्याहून जास्त असल्याचा पुरावा खात्याकडे असेल, तर सव्वापाच वर्षं. आता २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे कागद घ्या. त्याचं असेसमेंट इयर २०२५-२६, म्हणजे मोजणी ३१ मार्च २०२६ पासून. सव्वापाच वर्षं धरली की ३० जून २०३१ येतो. पगारदार घरांनाही आम्ही सव्वापाचच धरायला सांगतो. एखादा प्लॉट किंवा फ्लॅट विकला, तर ५० लाखांचा आकडा साध्या घरातही ओलांडला जातो.

त्यामुळे फॉर्म १६, एआयएस, वर्षभराचं बँक स्टेटमेंट, एफडीच्या व्याजाचा दाखला, विम्याच्या पावत्या आणि भरलेलं रिटर्न हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा आणि फोल्डरच्या नावातच उडवायचा महिना लिहा:

```
2024-25_DELETE_2031-07
```

बँकेच्या पीडीएफला पासवर्ड असतो, आणि तो पाच वर्षांनी आठवत नाही. फाइल ठेवण्याआधी ती उघडून, प्रिंटमध्ये जाऊन पीडीएफ म्हणून पुन्हा सेव्ह करा. नवी प्रत बिनपासवर्डची झाली, की फोल्डरची लिंक कुणाला दिलेली नाही ना, हेही पाहून घ्या.

घराच्या कागदांचा हिशेब वेगळा

इथे घड्याळ घर विकल्यावर सुरू होतं. समजा, २०१०-११ मध्ये घेतलेला फ्लॅट तुम्ही २०२५-२६ मध्ये विकला. मध्ये २०१६-१७ साली गॅलरी बंद करून घेतली, किचनचा ओटा आणि लाद्या नव्याने केल्या, खर्च ४ लाख. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी भारतीयाला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी कर काढायची मुभा आहे. २०१६-१७ चा निर्देशांक २६४, २०२५-२६ चा ३७६. म्हणजे ते ४ लाख सुमारे ५ लाख ७० हजार धरले जातात आणि तेवढा नफा कमी होतो. कर वाचतो सुमारे १ लाख १४ हजार, सेस वेगळा. निर्देशांक न लावता साडेबारा टक्क्यांच्या हिशेबाने एकूण कर कमी येत असेल, तरी त्या ४ लाखांवर ५० हजार वाचतातच. कंत्राटदाराचं बिल आणि पैसे दिल्याची बँकेतली नोंद नसेल, तर हा खर्च सिद्ध करणं कठीण जातं. घराला नुसता रंग दिला किंवा गळका नळ दुरुस्त केला, तर तो खर्च मात्र यात धरत नाहीत.

या उदाहरणात ते २०१६ चं बिल ३० जून २०३२ पर्यंत लागेल. खरेदीखत, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीच्या पावत्या, बिल्डरला दिलेले हप्ते आणि ते ज्या महिन्यांत गेले ती स्टेटमेंट्स, हे सगळं "घर" नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, वर्षाच्या फोल्डरमध्ये नको. नाहीतर वर्षाबरोबर तेही उडतं. वडिलांनी घरासाठी पैसे दिले असतील, तर त्या नोंदीची जागाही इथेच. शेअर्स आणि म्युच्युअल फंडाच्या खरेदीला हाच नियम. आणि शेअर्समधला तोटा पुढे ओढला असेल (तो जास्तीत जास्त आठ वर्षं ओढता येतो), तर तो ज्या वर्षी वजा होऊन संपेल, त्या वर्षाचं फोल्डर उडवेपर्यंत तोट्याच्या वर्षाचं फोल्डरही थांबतं.

विजेच्या बिलाला इतकी उमर नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ५६(२) नुसार, थकबाकी बिलात सतत दाखवलेली नसेल तर ती दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही. म्हणून बिल आणि भरल्याची पावती दोन वर्षं पुरे. सुरक्षा ठेवीची पावती मात्र मीटर तुमच्या नावावर असेपर्यंत ठेवा. मोबाइलचं बिल पुढचं बिल बरोबर आलं की उडवा, फ्रिज-टीव्हीचं वॉरंटी संपल्यावर.

ज्या वर्षाची नोटीस आली आहे किंवा अपील चालू आहे, त्या वर्षाच्या फोल्डरला मुदत संपली तरी हात लावू नका. परदेशात खातं किंवा मालमत्ता असेल, तर काहीही उडवण्याआधी आम्हाला फोन करा.

गूगल ड्राइव्हवरून उडवलेली फाइल ३० दिवस बिनमध्ये राहते आणि तोवर जागाही अडवते. बिन रिकामा केला तरी तेच स्टेटमेंट ईमेलमध्ये, फोनच्या डाउनलोड्समध्ये आणि आम्हाला पाठवलेल्या व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये असतं. तिथूनही काढा.